‘नाही’ म्हणायला जागा ठेवलेलं पत्र

“मॅडम, धंद्याला सव्वा लाखभर कमी पडतायत आणि मामांकडे आहेत. तोंडी मागितले तर पुढं भांडणं होतात म्हणे. कागद केला तर ‘आमच्याशी व्यवहार करतेस होय?’ म्हणतील. मागू तरी कसे?”

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या या प्रश्नात मामांच्या जागी कधी थोरले दीर असतात, कधी आत्या, कधी दुबईला गेलेला चुलतभाऊ. रक्कम बदलते, शेवटचं वाक्य बदलत नाही. त्यामुळे आज एकच गोष्ट सविस्तर सांगते. जिची आहे तिला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून.

ती कोल्हापूरची. घरून चटणीच्या ऑर्डरी घ्यायची, पण मिरची कांडायला दुसऱ्याच्या मशीनवर तासन्‌तास नंबर लावून बसावं लागे. स्वतःचं कांडप मशीन घ्यायचं ठरलं. मशीन, मोटर आणि थ्री-फेज जोडणी धरून दोन लाखांचा अंदाज होता. ऐंशी हजार तिच्याकडे होते, एक लाख वीस हजार हवे होते. मामा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबी माणूस.

पहिल्या भेटीला ती पत्राचा कच्चा कागद घेऊनच आली होती. “तुम्ही मला वडिलांच्या जागी आहात. तुमचा पैसा कुठं जाणार नाही. सीझन संपला की सगळे परत करीन.” अशी दीड पानं. मी तिच्या हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, “यातली जी वाक्यं उद्या खोटी ठरू शकतील, त्यांच्याखाली रेघ मारा.”

तिनं दोन रेघा मारल्या, मग पाच, मग पेन खाली ठेवलं. “मग उरलं काय मॅडम? वडिलांच्या जागी आहात, एवढंच.”

ते एक वाक्य खरं होतं आणि नेमकं तेच पैशाच्या पत्रात नको होतं. उपकाराची आठवण करून दिली की समोरचा माणूस हिशेब वाचतच नाही. तो होकार देतो तो नात्याला, आणि पैसे अडकले की त्याला वाटतं नात्यानंच फसवलं.

दुसऱ्या भेटीत आम्ही नुसती बेरीज-वजाबाकी केली. समुपदेशनात बेरीज कशाला, असं तिला वाटलं असणार. पण काळजी बऱ्याचदा न मांडलेल्या आकड्यात दडून बसते, हे मी या खुर्चीत बसून शिकले आहे. कांडपाचा दर किलोला पन्नास रुपये धरला. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत नव्वद दिवस रोज चाळीस किलो, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. उरलेल्या वर्षात मिळून अठराशे किलो, म्हणजे नव्वद हजार. वर्षाची आवक दोन लाख सत्तर हजार. वीज, जागेचं भाडं, सीझनला मदतीला ठेवायची बाई आणि दुरुस्ती मिळून खर्च एक लाख चौदा हजार.

“आणि तुमचा पगार?”

“घरचंच काम मॅडम, पगार कसला?”

इथं आम्ही अर्धा तास अडलो. तिनं स्वतःचा पगार खर्चात धरला नाही तर नफा फुगलेला दिसणार, आणि मामांचा वाटा तिच्या फुकटच्या राबण्यातून जाणार. मग घरात साखर आणायची वेळ आली की ती गल्ल्यातून गुपचूप दोनशे काढणार आणि आपण चोरी केली असं मनात धरून बसणार. शेवटी महिना सहा हजार, वर्षाचे बहात्तर हजार लिहिले. नफा उरला चौऱ्याऐंशी हजार. वीस टक्के वाटा धरला तर मामांचे सोळा हजार आठशे.

“एफडीपेक्षा बरेच जास्त झाले की!” ती खुलली.

“एफडीपेक्षा जास्त का द्यायचे?”

ती गप्प झाली. मग सावकाश म्हणाली, “कारण इथं बुडू शकतात.”

बुडू शकतात हे तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि जोखमीचा परिच्छेद मग तिनंच भराभर सांगितला. माझ्या डोक्यात मशीन बिघडण्यापलीकडे काही नव्हतं. तिला ठाऊक होतं की एप्रिलात वळीव आला की वाळत घातलेली मिरची भिजते आणि ओली मिरची कांडता येत नाही. मिरचीचा भाव चढला की पाच किलो करणारं घर दोनवर येतं. पुढच्याच चौकात कुणी दुसरं मशीन टाकू शकतं. जोखीम धंदा करणाऱ्यालाच नीट दिसते, फक्त ती नातेवाइकासमोर बोलायची नसते असं आपण धरून चाललेलो असतो.

तिसऱ्या भेटीत खरा गुंता सापडला. पत्र जवळजवळ तयार होतं, पण ते टपालात पडेना. मी विचारलं, “मामा नाही म्हणाले तर?”

“नाही म्हणूच शकत नाहीत.”

“समजा म्हणाले.”

“मग मी त्यांच्या घरी पुन्हा कसं तोंड दाखवू? गणपतीलासुद्धा जाता येणार नाही मला.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वाटेनं चालणारी. अशा वेळी मी धीर देत नाही, ‘मामा नक्की देतील’ म्हणत नाही. मला काय माहीत देतील की नाही? मी एवढंच विचारलं, “नकार मिळाला तर तुम्हाला गणपतीला जायला कोण अडवणार? मामा?”

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मीच.”

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. माझ्याही डोक्यात तेव्हाच लख्ख पडलं की तिला मागायची भीती नव्हतीच. मामांना नकाराची सोय न ठेवता ती मागत होती, आणि असं मागणं म्हणजे मायेच्या शब्दांतली वसुली. मामांशी नातं चांगलं राहणं तिला गरजेचं होतं, पण त्यासाठी मामांनी पैसे द्यायलाच हवेत असं नव्हतं. मी म्हटलं, “आत्ता जे म्हणालात ते पत्रात घाला.” तिथंच बसून तिनं ती ओळ लिहिली. अंतिम पत्र असं झालं:

“ती. स्व. मामा व मामी यांस, सा. न. वि. वि.

मी कांडप मशीन घेत आहे. एकूण खर्च दोन लाख, माझे ऐंशी हजार आहेत. एक लाख वीस हजार आपण गुंतवाल का, हे विचारायला हे पत्र. हिशेबाचं पान सोबत जोडलं आहे.

नफ्याचा वीस टक्के वाटा आपला. नफा म्हणजे आवकीतून वीज, भाडं, मदतनीस, दुरुस्ती आणि माझा महिना सहा हजार पगार वजा जाऊन उरेल तो. अंदाजाप्रमाणे चाललं तर वर्षाला सोळा-सतरा हजार होतील. नफा झाला नाही तर त्या वर्षी वाटा नाही.

मुद्दल दरवर्षी दिवाळी पाडव्याला चाळीस हजार, असं तीन वर्षांत परत करीन. वर्ष वाईट गेलं तरी माझ्या पगारातून वीस हजार देईनच, राहिलेले चौथ्या वर्षी. मुद्दल फिटलं की वाटाही थांबेल.

वळीव, मिरचीचा भाव, शेजारी दुसरं मशीन, किंवा माझं आजारपण, यातल्या कशानंही धंदा बसू शकतो. बंद करावा लागला तर मशीन विकून आलेले पैसे आधी आपल्याला देईन. पण जुन्या मशीनला निम्मीच किंमत येते, त्यामुळे काही रक्कम बुडू शकते. औषधपाण्याला लागणारे पैसे यात घालू नका.

आपण भागीदार नाही. धंद्याची इतर देणी आपल्यावर येणार नाहीत. हे पत्र यांनी वाचलं आहे, खाली त्यांचीही सही आहे. दादालाही दाखवा.

नाही म्हणालात तर कारण सांगू नका. गणपतीला मी नेहमीसारखीच येईन.

आपली भाची”

यातली काही वाक्यं माझ्या आग्रहानं आली, म्हणून त्यांचं कारण सांगते. भागीदार नसल्याचं स्पष्ट लिहायचं, कारण भागीदाराच्या अंगावर धंद्याचं सगळं देणं येऊ शकतं. नुसता नफ्याचा वाटा घेतल्यानं पैसे देणारा भागीदार ठरत नाही, असं १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो, तरी लिहिलेलं बरं. वाटा कधी थांबणार हे बहुतेक पत्रांत नसतंच. मग मुद्दल फिटल्यावरही मामेभाऊ दहा वर्षांनी विचारतो, “आमचा हिस्सा?” त्याच भावाला आधीच दाखवायचं, नाहीतर मामांच्या माघारी त्याला हे एखाद्या फाइलीत सापडेल. नवऱ्याची सही हवी, म्हणजे उद्या तिचं काही झालं तरी घरात कुणी ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणणार नाही. आणि पत्र मामा-मामी दोघांच्या नावानं, कारण फोनवर मामांना तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागलं असतं आणि मामींना ते नंतर कळलं असतं.

पैसे बँकेतूनच घ्यायचे. वीस हजार किंवा त्याहून मोठी उसनवारी रोखीनं करायला आयकराची मनाई आहे, परत करतानाही तेच. आणि दरवर्षी ‘एवढे दिले, एवढे बाकी’ असं सही करून द्यायचं. अशा पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत बाकी सहीनिशी मान्य केली की मुदत नव्यानं सुरू होते. कोर्टात कुणी जाणार नसतं. पण भाची स्वतःहून असा कागद देते तेव्हा मामांना आठवण करून द्यायची वेळच येत नाही, आणि माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं त्या आठवण करून देण्यातूनच पेटलेली असतात.

आठ दिवस उत्तर नव्हतं. तिनं मला फोन केला नाही, याची मी मनात नोंद घेतली. नवव्या दिवशी मामांनी साठ हजार पाठवले. उरलेले साठ मशीन बसल्याचा फोटो आल्यावर. हिशेबाच्या पानावर पेन्सिलीनं एकच खूण होती, दुरुस्तीच्या आकड्याशेजारी: ‘कमी वाटतो.’

बरोबर होतं त्यांचं. पहिल्याच सीझनला मोटर जळाली आणि एप्रिलात वळवानं बारा दिवस खाल्ले. नफा शून्य. पाडव्याला तिनं वीस हजार बँकेतून पाठवले आणि हिशेबाचं पान टपालानं. ती मला भेटायला आली तेव्हा मी विचारलं, “शून्य लिहिताना कसं वाटलं?”

“वाईट वाटलं. पण पत्रात होतंच की मॅडम.”

मग पर्समधून तिनं तेच पान काढलं. मागच्या बाजूला मामांच्या अक्षरात होतं: ‘वीस पोचले. बाकी एक लाख. मामी विचारते, संकेश्वरी मिरची चांगली मिळाली तर दोन किलो चटणी ठेवशील का. पैसे देऊ.’