सणाच्या सुट्ट्या आणि माझी निळी वही

प्रश्न: आमची नऊ-दहा जणांची टीम आहे. दिवाळी-होळीला आणि मुलांच्या परीक्षांच्या वेळी सगळ्यांना एकदमच सुट्टी हवी असते. कुणाची बाजू न घेता सुट्ट्या कशा द्याव्यात?

इंदूरच्या एका खासगी इस्पितळाच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं ड्यूटी लावली. त्याआधी सात वर्षं दुसऱ्यांनी लावलेली ड्यूटी केली. त्या सात वर्षांत लक्ष्मीपूजनाला घरी होते एकदा, तेही टायफॉइड झाला म्हणून.

तेव्हाच्या इन्चार्ज मॅडमचा नियम एका वाक्याचा होता: "तेरे को क्या, तेरे कौन से बच्चे रास्ता देख रहे हैं?" आधी माझं लग्न झालं नव्हतं. मग झालं, पण मूल नव्हतं. रामबागेतल्या घरी आई एकटीच पूजा मांडून बसायची, पण आई कुणी हिशेबात धरत नाही. तेव्हा 'मुलंबाळंवाल्यांना आधी' हे न्याय्य वाटत असेल तर माझं उत्तर इथेच सोडून द्या.

'जो आधी अर्ज देईल त्याला' हेही करू नका. दिसायला सरळ आहे, पण आमच्याकडे एक महाशय नवं कॅलेंडर भिंतीला लागायच्या आत पाच सणांचे पाच अर्ज टेबलावर ठेवायचे. मार्चमध्ये रुजू झालेल्या पोरीच्या वाट्याला मग काय उरणार?

मी इन्चार्ज झाले तेव्हा आधी अर्ज घेणंच बंद केलं आणि माणसं मोजली. आम्ही नऊ जण. दिवाळीत ओपीडी थंड असते, तरी इमर्जन्सी असतेच. सकाळी आठ ते दोनला दोघं, दोन ते आठला दोघं, रात्री एक. रात्रीवाला सकाळी आठला सुटतो, त्याला तो दिवस आराम. म्हणजे सहा गेले, तीन उरले. (त्या आठवड्यात साप्ताहिक ऑफ कुणालाच नाही, तो नंतर.) धनतेरस ते भाऊबीज पाच दिवस, रोज तीन, म्हणजे वाटायला पंधरा सुट्ट्या. हा आकडा फळ्यावर लिहिला आणि निम्मी भांडणं तिथेच मिटली. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की सुट्ट्या मॅडमच्या मर्जीत आहेत.

मग निळी वही. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून क्रम लावला. एक नंबरवाल्याने हवा तो एक दिवस निवडायचा, मग दोन नंबर, असं नऊपर्यंत. उरल्या सहा. त्या उलट्या क्रमाने: नऊ, आठ, सात, असं चारपर्यंत. पहिल्या तिघांना एकच दिवस मिळतो, पण मनासारखा. मागच्यांना दोन मिळतात, पण उरलेल्यांतले. पुढच्या वर्षी ज्या तिघांना लक्ष्मीपूजन मिळालं होतं ते क्रमात शेवटी. गंमत म्हणजे भांडण होईल असं वाटलेला दिवस निम्म्यांना नकोच होता. आम्हा मराठी बायकांनी भाऊबीज आधी उचलली.

बाहेरगावच्यांसाठी एक सूट. आमची एक मुलगी जबलपूरची, तिला एक-एक सुटा दिवस काय कामाचा? तिने दोन्ही दिवस लागून एकदम घ्यायचे, आणि बदल्यात होळीच्या क्रमात शेवटी जायचं. हे सगळं दिवाळीच्या सत्तर दिवस आधी उरकायचं, कारण रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं. पंधरा दिवस आधी मंजूर केलेली सुट्टी म्हणजे वेटिंगचं तिकीट.

इथवर वाचून मी फार शहाणी वाटले असेन, तर चाचांचं ऐका. चाचा आमच्यातले सगळ्यात जुने टेक्निशियन. पहिल्या वर्षी वही त्यांच्यापुढे गेली तेव्हा ते म्हणाले, "मेरा क्या, आप लोग ले लो." मी खूश. त्यांच्या वाट्याची सुट्टी आम्ही वाटून घेतली, त्यांनी पाचही दिवस ड्यूटी केली. ईदला मी त्यांना सुट्टी लिहून ठेवली, कॅलेंडरात छापलेल्या तारखेची. चंद्र एक दिवस आधी दिसला. रात्री फोन आला, "मॅडम, चाँद हो गया." मी म्हणाले, चाचा, आता लिस्ट लागली आहे, सकाळी कुणाला बोलावू? दुसऱ्या दिवशी आठला ते आले. ॲप्रनच्या गळ्यातून नव्या कुर्त्याची कॉलर दिसत होती, अत्तराचा वास येत होता, आणि ते वॉर्डातल्या सॅम्पलच्या ट्यूबवर लेबलं चिकटवत होते. एक शब्द बोलले नाहीत. मला त्या क्षणी जुन्या मॅडमच आठवल्या.

तेव्हापासून ईदला दोन्ही संभाव्य तारखा त्यांच्या नावावर. दोन्ही दिवशी बदली कोण येणार तेही आधीच लिहिलेलं. चंद्र दिसला की त्याला फक्त फोन. आणि 'मला नको' म्हणणाऱ्याचा दिवस परस्पर वाटायचा नाही. तो त्याच्या नावावर जमा राहतो, पुढच्या सणाला लागतो.

रंगपंचमीचं वेगळं. इंदुरात गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्याला सुट्टी नको असली तरी वेळेवर पोचता येत नाही. त्याला आदल्या रात्रीची नाइट द्या, विषय संपला.

आता परीक्षा. आईबापांनी पंधरा-पंधरा दिवस मागावेत हे मला पटत नाही. पेपर पोरगं देतं. एकीला मी सरळ विचारलं, तुला नक्की काय करायचंय? म्हणाली, सेंटरवर सोडायचंय. सीबीएसईचा पेपर साडेदहाला सुरू होतो, मूल दहाच्या आत आत हवं. म्हणजे आड येते ती सकाळची पाळी. पेपरच्या दिवशी तिला दुपारची दिली, एकही सुट्टी न खर्चता दहावी पार पडली. (पेपर दीडला सुटतो आणि पाळी दोनला लागते, तेव्हा आणायला नवरा गेला. जाऊ दे की.) टाइमटेबल लागलं की त्याची झेरॉक्स वहीत चिकटवायची आणि पेपरच्या दिवसांवर खूण करायची. ज्याची स्वतःची परीक्षा असेल त्याला मात्र पूर्ण सुट्टी, क्रमाच्या बाहेर. त्याच्याऐवजी दुसरा कुणी पेपर देऊ शकत नाही.

राहिलं ते सांगते. सगळे एकमेकांचं काम करू शकत असतील तरच हे चालतं. आमच्याकडे क्रॉसमॅच, म्हणजे रक्त चढवण्याआधी ते जुळतं का हे तपासणं, तिघांनाच यायचं, म्हणून त्या तिघांतला एकच एका वेळी सुट्टीवर, अशी अट घालावी लागली, आणि ते तिघं माझ्यावर कायम नाराज राहिले. त्यांचं चुकीचं नव्हतं. दुसरं, सणालाच आजारी पडणारे. सर्टिफिकेट मागून उपयोग नाही, इस्पितळात ते दोन मिनिटांत मिळतं. मी नियम केला की सणाला आजारी पडला तो पुढच्या क्रमात शेवटी. मग एकाला खरंच डेंग्यू निघाला, आणि मला माझा टायफॉइड आठवला. आता पहिल्यांदा माफ, दुसऱ्यांदा शेवटी.

जुन्या मॅडम अजून भेटतात, लग्नकार्यात. मागच्या वेळी म्हणाल्या, "वही-बही ठीक आहे गं, पण बच्चेवालों का पहले बनता है." मी त्यांना विचारलं, तुमचा मुलगा आता बंगलोरला, सून नोकरीवाली, मूल नाही. दिवाळीला येतात का? म्हणाल्या, "कुठलं, सुट्टीच नाही मिळत."