वरच्या घरातला पाइप फुटला आणि आमचा हॉल भिजला: तेव्हा लिहिलेलं पत्र

*वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटून आमचं घर भिजलं. शेजारी म्हणतात लाइन सोसायटीची, सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही बघा. पत्र कुणाला लिहू आणि कसं?*

पत्र एकच लिहा, पण दोघांच्याही नावे. ठाण्यात आमच्यावर हीच वेळ आली होती. संक्रांतीला वरचे काका-काकू गावी गेलेले, आणि रविवारी पहाटे आमच्या हॉलच्या सीलिंगमधून पाण्याची धार लागली.

पाइप नेमका कुठे फुटला, यावर सगळं ठरतं. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी सामाईक लाइन असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. घरातल्या मुख्य कॉकच्या पुढचे नळ, बेसिन, कनेक्शन पाइप हे त्या सभासदाचे. प्लंबरने बघेपर्यंत हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून पत्रात दोष कुणाच्याच माथी मारू नका. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ असं होतं. बायकोने ते खोडलं. बरं झालं, कारण तो शब्द वाचून काका पुढे बोललेच नसते.

शेवटी गेलं ते पत्र साधारण असं (पूर्ण पत्ता आणि नावं गाळली आहेत):

दि. १५ जानेवारी २०२४
प्रति, मा. सचिव, आणि सदनिका क्र. ४०२ चे सभासद
विषय: ४०२ मधून आलेल्या पाण्यामुळे ३०२ चे झालेले नुकसान

महोदय,
दि. १४ जानेवारी रोजी पहाटे ५.४० वाजता आमच्या हॉलच्या सीलिंगमधून पाणी पडताना दिसले. ५.५० ला मी वॉचमनला कळवले. ४०२ बंद असल्याने त्याने ६.१५ ला गच्चीवरचा कॉक बंद केला. त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने पाणी थांबले.
आज दिसणारे नुकसान: पीओपी सीलिंगचा सुमारे ४० चौरस फूट भाग खाली आला आहे, अंदाजे दुरुस्ती रु. ९,०००. दोन भिंतींचा रंग, अंदाजे रु. ११,०००. गादी (खरेदी २०१९, रु. १४,०००) निकामी; तिच्या वयाचा विचार करून रु. ५,०००. कपाटाची मागची फळी भिजली आहे, ती वाळल्यावर नुकसान स्वतंत्र कळवीन. फोटो व कारागिराचा अंदाज सोबत जोडला आहे.
विनंती: ४०२ चे सभासद, समितीचा एक सदस्य आणि मी, तिघांनी दि. १८ पर्यंत एकत्र पाहणी करून पाइप कुठे फुटला याची प्लंबरकडून लेखी नोंद घ्यावी. बदललेला भाग फेकू नये.
आपला, सदनिका क्र. ३०२

शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण आमचं काम त्यानेच केलं. प्लंबर नवा पाइप लावतो आणि जुना भंगारात टाकतो. मग फुटलं काय होतं यावर नुसते वाद. आमच्याकडे बेसिनखालच्या कनेक्शन पाइपचा तडकलेला नट पिशवीत निघाला. म्हणजे कॉकच्या पुढचा. सोसायटी सुटली, आणि काकांनीही मग आढेवेढे घेतले नाहीत.

गादीची नवी किंमत मागू नका. पाच वर्षांच्या गादीला चौदा हजार लिहिले की समोरचा सीलिंगचा आकडाही फुगवलेला समजतो. आणि पाहणी होईपर्यंत ती टाकू नका, वास आला तरी बाल्कनीत ठेवा.

पत्र कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या: शिक्का, सही, आवक क्रमांक. सेक्रेटरी घेत नसतील तर स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज पत्र म्हणून धरू नका; तिथे दहा जण आपापल्या गळतीच्या कहाण्या सांगतात आणि तुमची तारीख वर सरकून जाते.

घराचा विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाइप किंवा टाकी फुटून झालेलं नुकसान येतं. महिनोन्महिने झिरपणारी ओल सहसा येत नाही. म्हणून कधी, किती वाजता आणि पाणी अचानक आलं का, हे तिथेही जसं घडलं तसंच सांगा.

रंगाची घाई आम्ही केली नाही, भिंत वाळायला महिना गेला. कपाटाची फळी मात्र दहा दिवसांनी फुगली. त्याचं दुसरं पत्र दि. २६ ला, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक टाकून दिलं: रु. ६,५००. काकांनी सीलिंग आणि रंगाचे वीस हजार दिले, फळीचे निम्मे दिले. गादीचं मीच सोडून दिलं.