३७ टक्क्यांनी की ३७ टक्क्यांवर?

“आरसी सर्किटच्या प्रॅक्टिकलमध्ये मी लिहिलं: ‘स्विच उघडल्यावर कर्व्ह हळूहळू कमी होत शून्याला पोचतो. व्होल्टेज ३७ टक्क्यांनी कमी व्हायला लागणारा वेळ म्हणजे टाइम कॉन्स्टंट.’ सरांनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ मारली. मराठीत हे बरोबर कसं लिहायचं?”

आधी दुसरं वाक्य घेऊ, कारण तिथली चूक थेट उत्तरात उतरते. ‘टक्क्यांनी’ म्हटलं की किती घट झाली ते कळतं, ‘टक्क्यांवर’ म्हटलं की किती उरलं ते. एका कालस्थिरांकात व्होल्टेज सुमारे ६३ टक्क्यांनी उतरतं आणि ३७ टक्क्यांवर येतं. घट सांगा किंवा उरलेलं सांगा, पण आकडा आणि प्रत्यय एकमेकांचे हवेत.

समजा, १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, सुरुवातीचं व्होल्टेज ९ व्होल्ट. दर २० सेकंदांनी घेतलेली रीडिंग अशी: ६.१३, ४.१७, २.८४, १.९३, १.३२, ०.९०. नवाचे ३७ टक्के म्हणजे साधारण ३.३ व्होल्ट. उभ्या अक्षावर तिथून आडवी रेघ काढली तर ती वक्राला ५२ सेकंदांजवळ भेटते. तुमच्या वाक्याप्रमाणे ‘३७ टक्क्यांनी’ घट धरली, तर उरतात ५.६७ व्होल्ट, आणि वेळ येते २४ सेकंद. म्हणजे एका प्रत्ययापायी उत्तर निम्म्याखाली गेलं. हे लगेच पकडता येतं: `RC` चा गुणाकार ४७ सेकंद आहे. ५२ त्याच्या जवळ आहे आणि तेवढा फरक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या नेहमीच्या २० टक्के टॉलरन्समध्ये बसतो. २४ कशातच बसत नाही.

आता पहिलं वाक्य. कमी होतं ते व्होल्टेज. वक्र उतरतो आणि पुढे सपाट होत जातो. ‘हळूहळू’ तर सुरुवातीला लागूच पडत नाही, कारण पहिल्या २० सेकंदांत २.८७ व्होल्ट जातात आणि ८० ते १०० सेकंदांच्या दरम्यान जेमतेम ०.६१. ‘आधी झपाट्याने, मग सावकाश’ हे बरोबर आहे, पण असे उतरणारे वक्र पुष्कळ असतात. या वक्राची खूण वेगळी आहे. प्रत्येक रीडिंगला आधीच्या रीडिंगने भागून पाहा: ६.१३ भागिले ९, ४.१७ भागिले ६.१३, २.८४ भागिले ४.१७, दर वेळी ०.६८. सारख्या वेळात सारखे व्होल्ट जात नाहीत, सारखं प्रमाण उरतं. घातांकी ऱ्हास म्हणतात तो हाच, आणि अहवालात हे एक वाक्य असलं तर बाकीची विशेषणं नसली तरी चालतील.

‘शून्याला पोचतो’ऐवजी ‘शून्याकडे झुकतो’ लिहा. पाच कालस्थिरांकांनंतर, म्हणजे इथे २६० सेकंदांनी, सूत्राप्रमाणे ०.०६ व्होल्ट उरलेलेच असतात. मीटरवर शून्य दिसलं तर ‘मीटरच्या अचूकतेच्या मर्यादेत शून्य’ असं म्हणावं.

क्रियापदाचंही पथ्य पाळा. वेळ आणि व्होल्टेज आपण मोजतो, कालस्थिरांक त्यावरून काढतो. ३७ टक्क्यांच्या रेघेवरून काढला तर सगळी भिस्त सुरुवातीच्या रीडिंगवर आणि वक्रावरच्या एका बिंदूवर राहते. स्विच उघडणं आणि स्टॉपवॉच दाबणं यांत सेकंदभर अंतर पडलं तर ते थेट उत्तरात येतं. त्यापेक्षा व्होल्टेजचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन वेळेसमोर आलेख काढा: ९ व्होल्टचा २.२० येतो, १२० सेकंदांनंतरच्या ०.९० चा उणे ०.११. सगळे बिंदू एका रेषेत पडतात आणि उशिरा दाबलेलं घड्याळ चढ बदलत नाही. मात्र चढ म्हणजेच कालस्थिरांक, असं लिहू नका. चढ दर सेकंदाला उणे ०.०१९२ आहे, चिन्ह बदलून त्याचा व्यस्त घेतला की ५२ सेकंद मिळतात. शेवटचे बिंदू रेषेच्या वर सरकू लागले, तर बहुधा मीटर शून्यालाही थोडं धन रीडिंग दाखवतो आहे. ते आधी तपासून वजा करा.

मी असं लिहीन: “स्विच उघडल्यावर कपॅसिटरवरचं व्होल्टेज `V = V0 e^(-t/RC)` या सूत्रानुसार घातांकी रीतीने उतरत शून्याकडे झुकतं, दर २० सेकंदांत ते आधीच्या ६८ टक्क्यांवर येतं. लॉगरिदमच्या आलेखाच्या चढावरून काढलेला कालस्थिरांक ५२ सेकंद आहे. छापील किमतींवरून तो ४७ सेकंद अपेक्षित होता. फरक ११ टक्के असून कपॅसिटरच्या टॉलरन्समध्ये बसतो.”