हिस्सा भावाला सोडू नका, तुमच्या आणि यजमानांच्या पॅनवरच विका

प्रश्न: आम्ही 2014 पासून लेस्टरला आहोत, पासपोर्ट भारतीयच आहे. वडिलांनी 1988 मध्ये फोंड्यात घेतलेलं घर 2021 मध्ये ते वारल्यावर मला आणि भावाला आलं; आई आधीच गेली होती. गिऱ्हाईक 2 कोटी 20 लाख द्यायला तयार आहे, पण डिसेंबर 2025 अखेर विक्रीखत हवं म्हणतंय. माझे 1 कोटी 10 लाख मला इथल्या घरासाठी आणायचेत. कुणी म्हणतं एवढी रक्कम परदेशी नेताच येत नाही. भाऊ म्हणतो, "तुझा हिस्सा मला सोडून दे, मी विकतो, एकच टक्का कापतील, मग मी तुला पाठवतो." माझं लग्न 2009 मध्ये मडगावला नोंदलं, नवराही गोव्याचाच. काय करू?

उत्तर: आधी मर्यादेची भीती काढून टाका. अनिवासी भारतीयाला वारशाने आलेल्या मालमत्तेच्या विक्रीचे पैसे, कर भरून, एका आर्थिक वर्षात 10 लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी नेता येतात. एप्रिल ते मार्च हे वर्ष धरायचं, आणि ही मर्यादा माणशी असते. तुमची रक्कम सव्वा लाख डॉलरच्या आसपास भरते. त्यामुळे रिझर्व्ह बँकेकडे परवानगी मागायचा प्रश्नच येत नाही. तुमची बँकच हे काम करते. अट एवढीच, की विक्रीचे पैसे तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यातच जमा व्हायला हवेत. भावाच्या बचत खात्यात एकदा गेले, की ते "अनिवासी वारसाच्या विक्रीचे पैसे" राहत नाहीत, आणि तिथूनच भावाच्या योजनेची गाडी अडते.

भावाचा हेतू चांगला आहे, शंका नाही. पण हिस्सा सोडलात तर घर कायद्याने त्याचं होतं, आणि त्याचं लग्नही गोव्यातल्या समाईक मालमत्तेच्या नियमाखालचं असेल तर अर्धा हक्क वहिनींचा. तुमच्या हातात उरतो तो शब्द. विक्रीचा सगळा नफा त्या दोघांच्या विवरणपत्रांत साचतो आणि दोघांनाही सरचार्ज लागतो. पुढे पैसे पाठवताना भाऊ निवासी असल्याने त्याला दुसरी योजना लागू होते: वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर घेते. समजा कर जाऊन उरलेले 97 लाख त्याने पाठवायचे म्हटले तर 87 लाखांवर 17 लाख 40 हजार त्याच्या खिशातून आधी जातात. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर अडकतात. शिवाय बँकेत त्याला "बहिणीला भेट" असं लिहून द्यावं लागेल, आणि पैसे खरे तर तुमच्याच घराचे असतील. एक टक्क्याच्या लोभापायी असं खोटं कागदावर येऊ देऊ नका. तो एक टक्का काही करही नव्हे. ती फक्त निवासी विक्रेत्यासाठीची आगाऊ कपात आहे. कर नफ्यावर बसायचा तो बसतोच.

म्हणून तुमचा हिस्सा तुम्हीच विका. मात्र तुमचा हिस्सा म्हणजे तुमचा आणि तुमच्या यजमानांचा. लग्न मडगावला नोंदलेलं आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर वारशाने आलेली मालमत्ताही दोघांची समाईक होते. विक्रीखतावर त्यांची सही लागतेच, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण आयकरातला भाग बरेच जण विसरतात: आयकर कायद्याच्या कलम 5ए प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न अशा जोडप्यात निम्मं निम्मं वाटलं जातं. बाहेरच्या राज्यातल्या सीएला हे कलम कधी वापरावं लागलेलं नसतं, त्यामुळे तुमच्याकडून आठवण करून द्या.

आता आकडे बघू. घर 2001 च्या आधीचं असल्यामुळे वडिलांनी किती दिले ते न धरता 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरता येते. तो दाखला नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून घ्यायचा. समजा संपूर्ण घराची त्या दिवशीची किंमत 28 लाख निघाली. तुमच्या हिश्शाला 14 लाख येतात. 1 कोटी 10 लाखांतून ते वजा केले की नफा 96 लाख. जुलै 2024 नंतर अनिवासींना महागाई निर्देशांकाचा फायदा मिळत नाही, सरळ साडेबारा टक्के कर. भावाला, तो निवासी असल्याने, त्याच्या हिश्शावर निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा पर्याय अजून आहे, तो त्याने तपासून घ्यावा.

सगळा नफा एकट्या तुमच्या नावावर दाखवला तर कर 12 लाख, त्यावर 10 टक्के सरचार्ज, मग 4 टक्के उपकर, म्हणजे 13 लाख 72 हजार 800. कलम 5ए प्रमाणे दोघांत वाटला तर माणशी 48 लाख, सरचार्जच्या 50 लाखांच्या रेषेखाली. प्रत्येकी 6 लाख 24 हजार, दोघांचे मिळून 12 लाख 48 हजार. सव्वा लाखाचा फरक पडतो, तोही कायद्याने दिलेला. ही रेषा जवळच आहे, म्हणून एनआरओ ठेवीचं व्याज आणि दुसरं भारतीय उत्पन्नही मोजून घ्या. आणि मूल्यांकनकाराला सांगा, की 2001 चा मुद्रांक शुल्काचा दर उपलब्ध असेल तर तो सोबत जोड. किंमत त्याहून जास्त धरता येत नाही, आणि नंतर आयकर अधिकारी नेमकं हेच विचारतात.

हा झाला कर. गिऱ्हाईक पैसे देतानाच कापेल तो टीडीएस निराळा, आणि खरी गाठ तिथे बसते. विक्रेता अनिवासी असला की गिऱ्हाइकाला कलम 195 लागू होतं. अधिकाऱ्याचा दाखला नसेल तर तो नफा बघत बसत नाही, पूर्ण किमतीवर कापतो. 1 कोटी 10 लाख एकाच नावावर धरले तर सरचार्ज-उपकरासह दर 14.95 टक्के, म्हणजे 16 लाख 44 हजार 500. खऱ्या करापेक्षा जवळपास 4 लाख जास्त. ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, परताव्याची वाट पाहून.

ते टाळण्याचा मार्ग म्हणजे कलम 197 खालचा कमी कपातीचा दाखला. फॉर्म 13 ऑनलाइन भरायचा, तुम्ही आणि यजमानांनी वेगवेगळा, सोबत साठेखत, 2001 चा मूल्यांकन अहवाल, वारसाचे कागद आणि नफ्याचा हिशेब. दाखल्यात गिऱ्हाइकाचा टॅन येतो, म्हणून टॅन त्याने आधी काढायला हवा. पॅन आणि टॅन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; टॅन हा कर कापणाऱ्याचा क्रमांक. घर घेणाऱ्या साध्या माणसाकडे टॅन बहुधा नसतोच. दाखला हातात यायला काही आठवडे जातात आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते. व्यवहार त्यापुढे ढकलला गेला तर दाखला नव्याने, शिवाय 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, म्हणजे कलमांचे नि फॉर्मचे क्रमांकही नवे.

इथे तुम्हाला खरा निर्णय घ्यायचा आहे. गिऱ्हाईक चांगलं असेल आणि महिनाभर थांबायला तयार असेल, तर दाखल्याशिवाय विक्रीखत करू नका. ते थांबणारच नसेल, तर 4 लाख वर्षभर अडकण्यासाठी 2 कोटी 20 लाखांचा सौदा मोडावा असं मला वाटत नाही. पूर्ण कपात होऊ द्या आणि परतावा घ्या. दोन्ही परिस्थितींत इसार लहान ठेवा, पाचेक लाखांचा. कारण कलम 195 ची कपात प्रत्येक हप्त्यावर, इसारावरसुद्धा, होते, आणि दाखल्याआधी दिलेल्या पैशाला दाखल्याचा उपयोग नाही.

एक चूक मात्र होऊच देऊ नका. गिऱ्हाइकाचा लेखनिक सवयीने भाऊ-बहीण दोघांच्या हिश्शावर एक टक्का कापून निवासी विक्रेत्यासाठीचा फॉर्म 26क्यूबी भरून टाकतो. भावासाठी ते बरोबर, तुमच्यासाठी चूक. कमी कापल्याबद्दल व्याज गिऱ्हाइकावर बसतं, आणि तुमचे पैसे बँकेत पडून राहतात, कारण पैसे परदेशी पाठवायला लागणारं प्रमाणपत्र द्यायला सीए कचरतो. ओळखायचं कसं, तर पैसे दिले त्याच्या पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत त्याने टीडीएस भरला का ते चलन बघून विचारा. अनिवासींच्या कपातीचं तिमाही विवरण, 27क्यू, भरलं गेलं की तुमच्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या करकपातीच्या उताऱ्यात, नोंद दिसेल. तिथे कलम 195 लिहिलेलं हवं, 194-आयए नव्हे, आणि निम्मी रक्कम यजमानांच्या पॅनवर हवी.

हे नीट झालं की पैसे पाठवणं सोपं आहे. सीए आयकर पोर्टलवर फॉर्म 15सीबी भरतो: पैसे कशाचे, कर किती बसला, किती भरला. त्या आधारे तुम्ही 15सीए चा भाग सी भरता. बँकेला ही दोन्ही, बँकेचा ए2 अर्ज, विक्रीखत, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारा कागद लागतो. गोव्यात तो म्हणजे विशेष नोटरीपुढचं वारसापत्र, किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयातली वारसांची वाटणी, झाली असेल तर न्यायालयाचा आदेश. त्यात तुमचं नाव पासपोर्टसारखंच आहे का ते आत्ताच बघा. लग्नाआधीचं नाव वारसापत्रात, लग्नानंतरचं पॅनवर, आणि दोन्ही जोडणारा कागद कुठेच नाही, अशी फाईल बँकेच्या मुख्य कार्यालयातून हमखास परत येते. विवाहनोंदणीचा उतारा आधीच जोडून द्या.

जुलै 2026 अखेर दोघांनी आयटीआर-2 भरायचा, त्यात शेड्यूल 5ए भरायला विसरू नका. परतावा आला तर तो एनआरओ खात्यात येईल आणि पाठवायला नवा 15सीए लागेल.

राहिलं लेस्टर. तिथले करनिवासी म्हणून तुम्हाला हा नफा ब्रिटनमध्येही दाखवावा लागेल, पण तिथला हिशेब 2001 पासून नव्हे, वडील वारले त्या दिवसाच्या किमतीपासून सुरू होतो. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मागता येते, म्हणून चलनं आणि टीडीएसचा दाखला, फॉर्म 16ए, जपून ठेवा. 5ए ची निम्मी वाटणी तिथे मान्य होईलच असं धरून चालू नका, तिथल्या अकाउंटंटला ती समजावून विचारा. आणि फोंड्याच्या मूल्यांकनकाराकडून एकाच फेरीत दोन अहवाल करून घ्या: एक 1 एप्रिल 2001 चा, दुसरा वडिलांच्या मृत्यूच्या तारखेचा. घर विकून मालक बदलल्यावर दुसऱ्या अहवालासाठी दार उघडून घेणं अवघड जातं.