वडिलांचे कर्ज आधी फेडावे की पैसे साठवावेत?

प्रश्न: वडिलांच्या घरकर्जात एकरकमी पैसे भरावेत की तेच मुदत ठेवीत ठेवावेत? आम्हा भावांचे एकमत होत नाही.

माझ्या दोन मावसभावांत हाच वाद झाला होता आणि हिशेब मांडायला त्यांनी मला बसवले. वडिलांचे 8 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने बाकी होते. महिन्याचा हप्ता सुमारे 12,871 रुपये आणि हप्ते 84 उरले होते. दोघांनी मिळून 3 लाख जमवले होते. ठेवीवर 7 टक्के मिळत होते आणि वडिलांना आयकर लागत नव्हता.

धाकट्याने आकडे आधीच काढले होते. "दादा, 3 लाख भरले तर व्याजाचे 1 लाख 88 हजार वाचतात आणि ठेवीत सात वर्षांत व्याजही तेवढेच मिळते. मग पैसे हाताशी का ठेवू नयेत?"

आकडे बरोबर होते, पण तुलना अपुरी होती. पैसे भरून हप्ता तोच ठेवला, तर कर्ज 47 व्या महिन्यातच संपते आणि पुढचे 37 हप्ते मोकळे होतात. 47 व्या हप्त्यातून उरणारे सुमारे 11,700 रुपये आणि हे हप्ते दरमहा त्याच 7 टक्क्यांनी साठवले, तर चौऱ्याऐंशीव्या महिन्याअखेर सुमारे 5 लाख 44 हजार जमतात, तर नुसत्या ठेवीचे 4 लाख 88 हजार होतात. म्हणजे कर्जात पैसे भरणे 56 हजारांनी सरस ठरते, मात्र सुटलेला हप्ता घरखर्चात न विरता खरोखर साठवला गेला तरच.

तरीही धाकट्याची चिंता मला रास्त वाटली, कारण कर्जात भरलेली रक्कम दवाखान्यासाठी परत मागता येत नाही. म्हणून 1 लाख हाताशी ठेवण्याची किंमत काढली: दोन टक्क्यांचा फरक, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण 2,000 रुपये. अडचणीत 14 टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज काढण्यापेक्षा हे स्वस्त, हे थोरल्यालाही पटले. "मग 2 लाख भरू आणि 1 लाख बाबांच्या नावे ठेवू," असे तोच म्हणाला. त्यामुळे कर्ज 58 हप्त्यांत संपणार होते.

तुम्हीही आधी व्याजदर बदलता आहे का ते पाहा. व्यक्तीच्या अशा घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2012 पासूनचा नियम आहे. स्थिर दर असेल तर शुल्क लागू शकते, ते हिशेबात धरा. पैसे भरताना "रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असा लेखी अर्ज द्या आणि नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्या. त्यात मुद्दल त्याच दिवशी घटलेले दिसले नाही, किंवा मुदत तीच राहून हप्ता कमी झालेला दिसला, तर लगेच शाखेत जाऊन दुरुस्त करून घ्या.