सेट टॉप बॉक्सचा मेनू कन्नडमध्ये गेला तर

"चॅनल स्कॅन केल्यावर मेनू सगळा कन्नड झालाय, पोरांचं कार्टूनपण कन्नड बोलतंय, मराठी कसं करू?"

मेनूची भाषा वेगळी आणि आवाजाची वेगळी, आधी मेनू धरा. सेटिंगमध्ये ಭಾಷೆ लिहिलेलं शोधा ('भाषे' असं वाचतात), तिथं मराठी नसेल तर इंग्लिश करा. मग कार्टून लावून रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबा, चॅनलवाले जेवढे ट्रॅक पाठवतात तेवढेच दिसणार, यादीत मराठी नसेल तर बॉक्स बदलूनपण येत नाही. खानापुरात आमच्या मावशीकडं मराठी लावलं तरी चॅनल बदलून परत आलं की पुन्हा कन्नडच, कारण डीफॉल्ट ऑडिओ कन्नड होता, तो सेटिंगमधनं बदलला तेव्हा टिकलं. लॉकचा पिन मागितला तर बऱ्याच बॉक्सला 0000 नाहीतर 1234 असतो, अंदाजानं फॅक्टरी रीसेट तेवढं दाबू नका हं, फेव्हरिट, लॉक सगळं पुसतंय.