पीबीएलच्या गटात शिक्षकाने बोलायचे कधी?

प्रश्न : मी वीस वर्षे शरीरक्रियाशास्त्राची लेक्चर घेते आहे. आता पीबीएलच्या, म्हणजे समस्या सोडवत शिकण्याच्या पद्धतीच्या, गटात ट्यूटर म्हणून बसायचे आहे. काही सांगायचेच नसेल, तर मी तिथे नेमके काय करायचे? (प्राध्यापिका, परळ)

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गटापुढे कागद येतो : जुलै महिना, कुर्ल्यातला २८ वर्षांचा तरुण, आठवड्यापूर्वी गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेला होता. पाच दिवस ताप आहे, पोटऱ्या दुखतात, डोळे आधी लाल आणि आता पिवळे झाले आहेत. क्रिएटिनिन ३.६, पोटॅशियम ३.१, आणि लघवी मात्र पुरेशी होते आहे.

लेप्टोस्पायरोसिसचे नाव मुंबईतले विद्यार्थी दहा मिनिटांत घेतात, आणि निदान सापडले की चर्चा संपली असे त्यांना वाटू लागते. खरे शिकण्यासारखे पोटॅशियमच्या त्या कमी आकड्यात आहे. मूत्रपिंडाचे काम बिघडले की पोटॅशियम वाढते, असे कोणीतरी ठामपणे म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात. लेक्चरची सवय असलेला शिक्षक इथे लगेच खडूकडे हात नेतो. ट्यूटरने एवढेच विचारावे : ‘तुमचे म्हणणे या रुग्णाच्या आकड्याशी जुळते का?’ त्यानंतर गप्प राहावे. ती शांतता अर्धा मिनिट टिकली, तरी ती शिक्षकालाच फार लांब वाटते. विद्यार्थी त्या वेळात विचार करत असतात.

मग कोणी म्हणते, रक्ताचा नमुना चुकला असेल. कोणी उलट्यांचा संशय घेते. हे सगळे तर्क फळ्यावर लिहू द्यावेत, चुकीचेसुद्धा. त्यातून गट स्वतःचे अध्ययन-उद्दिष्ट लिहितो : ‘नेफ्रॉनच्या कोणत्या भागाला इजा झाली, तर पोटॅशियम शरीराबाहेर जास्त जाईल?’ दोन-तीन दिवसांनी, वाचून आल्यावर, ते स्वतः सांगतात की या आजारात समीपस्थ नलिकेत सोडियमचे पुनःशोषण घटते, जास्त सोडियम पुढच्या भागात पोहोचते आणि तिथे त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकले जाते. हे तुम्ही पहिल्याच दिवशी चार मिनिटांत सांगू शकला असता. पण मग आपली आधीची समजूत का अपुरी होती, हे त्यांना कळलेच नसते.

बोलायचे तीन वेळा : चुकीचा तर्क कोणीच तपासत नसेल तेव्हा, गट निदानावरच थांबला असेल तेव्हा, आणि उद्दिष्ट ‘लेप्टोबद्दल वाचणे’ इतके ढोबळ लिहिले असेल तेव्हा. आपण अजून लेक्चरच देतो आहोत का, हे ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक वाक्यानंतर विद्यार्थी एकमेकांकडे न पाहता तुमच्याकडे पाहत असतील, तर देतो आहोत.

प्रश्न : ट्यूटर त्या विषयातला तज्ज्ञ नसला तरी चालतो का? (नर्सिंग शिक्षक, ठाणे)

१९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली, तेव्हा गट चालवण्याचे कौशल्य विषयज्ञानापेक्षा महत्त्वाचे मानले गेले. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या अभ्यासांनी त्यात दुरुस्ती केली. विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान तोकडे असेल किंवा समस्या विस्कळीत लिहिलेली असेल, तेव्हा विषय जाणणाऱ्या ट्यूटरचा स्पष्ट उपयोग होतो. मात्र ते ज्ञान विद्यार्थ्यांच्या भाषेत आणि त्यांच्या अडचणीच्या पातळीवर उतरवता आले पाहिजे. माझे मत असे की पहिल्या वर्षाला विषय जाणणारा ट्यूटर द्यावा, आणि दुसऱ्या विभागाचा असेल तर त्याला समस्येमागचे अपेक्षित तर्क आधी लिहून द्यावेत.

प्रश्न : आमच्या गटात आठ जण आहोत. उद्दिष्टे वाटून घेतो, प्रत्येक जण आपापला भाग वाचून सांगतो. ट्यूटर सरांना हे आवडत नाही. का? (विद्यार्थी, शीव)

कारण अशा दुसऱ्या बैठकीत आठ छोटी लेक्चर होतात. तुमच्या सहकाऱ्याने समीपस्थ नलिका चुकीची समजून घेतली असेल, तर ते ओळखणारे गटात कोणीच नसते, कारण बाकीच्यांनी ती वाचलेलीच नसते. सगळ्यांनी सगळी उद्दिष्टे वाचावीत, शक्य तर वेगवेगळ्या पुस्तकांतून. मग दोन स्पष्टीकरणे जुळत नाहीत असे लक्षात येते आणि चर्चेला खरा विषय मिळतो. पुढच्या वेळी सरांनी ‘हेच तू सांग’ म्हणून ज्याचा तो भाग नव्हता त्याला विचारले, तर रागावू नका.

प्रश्न : वर्गात २५० विद्यार्थी आहेत. लेक्चर बंद करणे शक्य आहे का? (विभागप्रमुख, मुंबई)

बंद करू नका. दहा-दहांचे गट केले तर एकाच वेळी पंचवीस ट्यूटर लागतात, आणि एका विभागाकडे तेवढे नसतात. वर्षात चार-पाच समस्या निवडून त्या निम्म्या-निम्म्या तुकड्यांत, दोन-तीन विभागांनी मिळून घ्याव्यात. लेक्चर दुसऱ्या बैठकीनंतर ठेवा आणि गटांना जे सुटले नाही तेवढ्यावरच घ्या. त्यासाठी प्रत्येक ट्यूटरने अनुत्तरित राहिलेला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्या चिठ्ठ्यांवरून तुमचे तासाभराचे टिपण तयार होईल.